एसी मारत नाही, गाडीचा धूर मारतो

"चाचा, एसीची गॅस लीक आहे. बघा जरा, रात्री मरता मरता वाचलो."

मागच्या उन्हाळ्यात एक टॅक्सीवाला माझ्या गॅरेजात आला तो हे वाक्य घेऊनच. पोरगा कोकणातला, आठ-दहा वर्षं भाड्याची गाडी चालवणारा. रात्री वसईला भाडं सोडून परतताना पुढचं भाडं पहाटे विमानतळावरचं होतं. मधल्या चार तासांसाठी घरी जाऊन येणं परवडत नव्हतं. त्याने घोडबंदर गावाच्या बाजूला, रस्त्याकडेच्या एका कंपाउंडच्या भिंतीला मागचा भाग लावून गाडी उभी केली. खाडी जवळ, त्यामुळे डास. हवा दमट. काचा बंद, इंजिन चालू, एसी चालू, सीट मागे टाकून झोपला. दोनेक तासांनी फोन वाजला म्हणून जाग आली. डोकं फुटायला आलेलं, उलटी झाली, दार उघडून उतरला तर पाय धरेनात. आधी त्याला वाटलं बिर्याणी बाधली. मग एका मित्राने सांगितलं, एसीची गॅस आत सुटली असणार.

मी त्याला एकच विचारलं, "गाडी थंड होत होती का?" तो म्हणाला, "एकदम चिल्ड." मग एसीची गॅस लीक कशी असेल? छोट्या गाडीच्या एसीत अर्धा किलोच्या आसपास गॅस असते. ती गळाली की एसी थंड करायचाच थांबतो. गाडी थंडगार होती, याचा अर्थ गॅस जागच्या जागी होती. त्याला जे झालं ते एसीने केलं नाही. एसी चालवण्यासाठी चालू ठेवलेल्या इंजिनाने केलं.

हा लेख लिहायचं कारण हा गैरसमजच आहे. अशी बातमी आली की 'एसी सुरू ठेवून झोपल्याने मृत्यू' असं छापलं जातं. लोक वाचतात आणि एसीचा फिल्टर साफ करून घेतात, गॅस भरून घेतात, आणि पुन्हा तशीच गाडी लावून झोपतात. दुखणं पायाला आणि पट्टी हाताला.

मी गाडी लिफ्टवर घेतली. मागच्या सीटच्या खाली जिथे सायलेन्सरचा डबा येतो, तिथे गंजून भोक पडलं होतं. रोज घोडबंदर रोडचे खड्डे आणि गतिरोधक, पावसाळ्यात साचलेलं पाणी, यात सायलेन्सर असाच जातो. गाडीत सीएनजीचं किट नंतर बसवलेलं होतं. टाकीच्या पट्ट्या आणि नळी नेण्यासाठी डिकीच्या पत्र्याला भोकं पाडली होती. त्यातल्या दोन भोकांत रबरी बूच नव्हतं. डिकीच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात दबलेलं. म्हणजे सायलेन्सरच्या भोकातून निघालेला धूर गाडीखाली कोंडायचा, मागची भिंत त्याला पसरू द्यायची नाही, आणि तो डिकीच्या भोकांतून वर आत यायचा. डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये फक्त पुठ्ठा आणि कापड. आत एसीचं बटण 'आतली हवा फिरवा' या खुणेवर होतं. आत आलेला धूर बाहेर ढकलला जात नव्हता, थंड होऊन फिरत होता.

धुरातला जीवघेणा भाग कार्बन मोनॉक्साइड. इंधन पुरतं जळलं नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर गोष्टींचा असतो. चांगल्या गाडीत तो वास फारसा नसतोच. आपलं रक्त प्राणवायू वाहतं ते हिमोग्लोबिनमुळे. हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे हवेत अगदी थोडा असला तरी तासाभरात रक्तात बराच साठतो. शरीराला मात्र कळत नाही. गुदमरल्याची जाणीव आपल्याला होते ती रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की. इथे श्वास नीट चालू असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जात असतो, म्हणून छातीत कोंडत नाही, माणूस धडपडत उठत नाही. जागा असेल त्याचं डोकं दुखतं, मळमळतं, तो खाली उतरतो. झोपलेला माणूस झोपेतून बेशुद्धीत जातो. दोन्हींच्या मधली पायरीच नसते.

किती धूर पुरतो, याचा ढोबळ हिशेब मांडतो. छोट्या गाडीच्या आत साधारण तीन हजार लिटर हवा असते. हवेत दर दहा लाख भागांत आठशे भाग हा वायू झाला, ज्याला आठशे पीपीएम म्हणतात, तर पाऊण तासात डोकं गरगरतं आणि दोन तासांत माणूस बेशुद्ध पडतो. तीन हजार लिटर हवेत आठशे पीपीएम व्हायला किती वायू लागतो? अडीच लिटरही नाही. आता आपल्या पीयूसीच्या कागदावर बघा. बीएस-४ पेट्रोल गाडीला उभ्या इंजिनावर ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइडपर्यंत पास करतात. जुन्या बीएस-२, बीएस-३ गाड्यांना ०.५ टक्के, त्याआधीच्यांना ३ टक्के. ०.३ टक्के म्हणजे तीन हजार पीपीएम. उभं इंजिन मिनिटाला शे-दीडशे लिटर धूर सोडतं. त्यातला दहावा हिस्सा जरी आत आला, तरी कायद्याने पास झालेली गाडी तासाभरात आठशे पीपीएमला पोचू शकते. प्रत्यक्षात गाडी डब्यासारखी बंद नसते, फटींतून हवा जातेही, म्हणून आकडा कमीजास्त होतो. पण मुद्दा हा की पीयूसी पास असणं म्हणजे आत झोपायची परवानगी नव्हे. ती तपासणी रस्त्यावरच्या हवेसाठी आहे, बंद काचांच्या आतल्या हवेसाठी नाही.

लोक मला सांगतात, "आमची सीएनजी आहे, धूरच नाही." सीएनजीचा धूर दिसत नाही, हे खरं. पण त्यातही कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून तर सीएनजी गाडीलाही पीयूसी लागते. डिझेलमध्ये हा वायू बराच कमी असतो, पण नसतोच असं नाही, आणि डिझेलच्या पीयूसीत काळेपणा मोजतात, हा वायू मोजतच नाहीत. दुसरं ऐकतो ते, "काच बोटभर उघडी ठेवतो." गाडीला वारा लागत नसेल तर त्या फटीचा भरवसा नाही, आणि मागून धूर कोंडत असेल तर तोच त्या फटीतून आत येतो. तिसरं, "बाहेरची हवा घे वर बटण ठेवतो." ते थोडं बरं. पण बाहेरची हवा आत घेण्याची जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी असते. पुढे दुसरी गाडी इंजिन चालू ठेवून उभी असेल, किंवा तुमच्याच इंजिनाचं गॅस्केट बॉनेटखाली फुटलं असेल, तर त्या जाळीतून धूरच आत ओढला जाणार.

या प्रकाराचा नीट तपास झालेलं आपल्या देशातलं एक प्रकरण केरळातलं आहे. २३ डिसेंबर २०२४ ला कोळिकोड जिल्ह्यात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. लग्नाचं भाडं सोडून ते परतत होते. विश्रांतीसाठी थांबले, एसी चालवायला गाडीतला जनरेटर चालू ठेवला आणि आत राहिले. गाडी बराच वेळ तशीच उभी आहे, हे लोकांच्या लक्षात आलं तेव्हा दार उघडलं गेलं. एक जण आत पलंगावर होता, दुसरा दाराजवळच्या पायरीवर. पायरीपर्यंत पोचलेल्या माणसालाही दाराबाहेर पडता आलं नाही. या वायूने हातपाय आधी लुळे होतात, त्याचा हा अर्थ.

तिथे पोलिसांनी 'एसीमुळे' म्हणून फाइल बंद केली नाही. कोळिकोडच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयटीच्या, तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी त्याच कॅरॅव्हॅनमध्ये जनरेटर आणि एसी पुन्हा चालवून आतली हवा मोजली. दोन तासांत कार्बन मोनॉक्साइड साडेनऊशे पीपीएमच्या आसपास गेला, आणि जनरेटरची जागा व माणसांची जागा यांच्यामधल्या तळातल्या फटीतून तो आत येत होता, हे सापडलं. जनरेटर काय आणि गाडीचं इंजिन काय, दोन्ही इंधन जाळणारी यंत्रं. माझ्या लिफ्टवरच्या टॅक्सीत आणि त्या कॅरॅव्हॅनमध्ये फरक एवढाच, की इथे फोन वाजला.

दुसरं उदाहरण सरहद्दीपलीकडचं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फात गाड्या अडकल्या आणि एका रात्रीत वीसहून अधिक माणसं गाड्यांतच गेली. त्यात एक पोलीस अधिकारी आणि त्याच्या कुटुंबातली माणसं होती. थंडीसाठी त्यांनी इंजिन आणि हीटर चालू ठेवले होते, बर्फाने धुराड्याची तोंडं झाकली, आणि अनेकांचा जीव थंडीपेक्षा धुरानेच गेला असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं. आपल्याकडे बर्फ नाही. पण २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसाला पाण्यात अडकलेली गाडी काय ते सांगावं लागत नाही. पाण्यात धुराड्याचं तोंड बुडालं की धूर सांध्यांतून, गाडीखालून वाट काढतो. तुंबलेल्या पाण्यात काचा बंद, एसी चालू असं बसून राहणं हा त्याच खेळाचा दुसरा डाव आहे.

तेव्हा करायचं काय? पहिली गोष्ट सोपी आणि कठोर. झोपायचं तर चावी काढायची. काचा उतरवायच्या, खिडक्यांना जाळी लावायची. पंचवीस-पन्नास रुपयांच्या मच्छरदाणीच्या कापडाला चुंबक शिवले की खिडकीची जाळी होते. बारा व्होल्टचा छोटा पंखा बॅटरीवर चालतो. घाम येईल. घाम येतो तो माणूस जिवंत असतो. दुसरी गोष्ट गाडीची. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, इंजिन थंड असताना चालू करा आणि जोडीदाराला धुराड्याच्या तोंडावर जाड ओला फडका दोन-तीन सेकंद दाबायला सांगा. खालून 'फुस्स' असा आवाज आला तर तिथे गळती आहे. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत डिकीचा गालिचा उचलून भोकांत बूच आहेत का ते बघा. पीयूसीचे जुने कागद फेकू नका. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दर वेळी चढत असेल तर इंजिनाचा सेन्सर किंवा एअर फिल्टर बिघडला असू शकतो.

आणि कुणी गाडीत निपचित दिसला तर काच फोडा, इंजिन बंद करा, त्याला मोकळ्या हवेत ओढा, १०८ ला फोन लावा. इस्पितळात पोचल्यावर एक वाक्य सांगायला विसरू नका: "हा चालू गाडीत झोपला होता." कारण बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र इथे फसतं. रक्ताला प्राणवायू चिकटला आहे की हा वायू, हे त्याला कळत नाही. माणूस मरणाच्या दारात आणि यंत्रावर ९८. डॉक्टरला ठाऊक नसेल तर तो सलाईन लावून दारू, साखर किंवा झटका शोधत बसेल. इलाज ऑक्सिजनचा आहे, पिशवीच्या मास्कमधून पूर्ण ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर तास-दीड तास. माझ्या टॅक्सीवाल्याने घरी जाऊन लिंबूपाणी पिऊन दिवस काढला. ते नशीब झालं, उपचार नव्हे. काही जणांना बरं वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी विसराळूपणा, हातापायांत थरथर सुरू होते, म्हणून डॉक्टरला दाखवायलाच हवं.

आता जे बोलायचं आहे ते आपल्या लोकांशी, थोडं कडू.

आपल्या समाजात ड्रायव्हर पुष्कळ. टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, लग्नाच्या गाड्या. एखादा असा गाडीत गेला की पहिला प्रयत्न असतो तो पोस्टमॉर्टेम टाळण्याचा. 'मय्यतीची चिरफाड नको, असरच्या आधी दफन व्हायला हवं.' नगरसेवकाला फोन जातात, पोलिसांना विनवण्या होतात. कागदावर 'हृदयविकाराचा झटका' येतो. मी जनाज्याच्या घाईमागची भावना समजतो, माझ्याही घरात मय्यती झाल्या आहेत. पण त्या घाईत आपण काय पुरतो ते बघा. या वायूची खूण मेल्यावरही रक्तात टिकते. गोऱ्या कातडीवर लालसर झाक दिसते, आपल्या सावळ्या कातडीवर ती सहज नजरेला येत नाही. म्हणून रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत गेला तरच सत्य कळतं. नाही गेला तर विम्याच्या दाव्यासाठी कागदावर कारण नाही, गाडी तपासायला कुणी येत नाही, आणि चाळीस दिवसांनी तीच गाडी, तेच भोक, तेच रबर घेऊन धाकटा भाऊ धंद्याला निघतो. पोस्टमॉर्टेम मेलेल्यासाठी नाही, त्या धाकट्या भावासाठी आहे.

अशा मृत्यूत पोलिसांनी चौकशी करणं कायद्याने बांधील आहे. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतं. गरजेपोटी शवविच्छेदनाला मान्यता देणारे उलेमाही कमी नाहीत. उशिराची भीती असेल तर २०२१ च्या नोव्हेंबरपासून केंद्राने, जिथे सोय आहे तिथे, सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेम करायला परवानगी दिली आहे. संशयास्पद मृत्यूंना त्यातून वगळलं आहे, पण बाकीच्या ठिकाणी ती मागता येते. नातेवाइकांनी पोलिसांना म्हणावं, "रक्तात कार्बन मोनॉक्साइड तपासा." टाळा म्हणण्याऐवजी तपासा म्हणायचं. एवढाच बदल.

'अल्लाहची मर्जी' म्हणून हात झटकणाऱ्यांना मी एवढंच म्हणतो, की आधी उंट बांधायचा आणि मग भरवसा ठेवायचा, ही शिकवण आपण पोरांना सांगतो. चावी काढणं म्हणजे उंट बांधणंच आहे.

पण सगळा बोजा त्या पोरावर टाकून मी मोकळा होणार नाही. तो हौसेने रस्त्याकडेला झोपत नाही. काशीमिऱ्यापासून फाउंटनपर्यंत आणि पुढे घोडबंदरच्या वळणापर्यंत रात्री किती गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात ते बघत या. २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी बसवणं केंद्राने सक्तीचं केलं. चांगलं केलं. चालत्या गाडीत ड्रायव्हरला गारवा हवाच. पण तो एसी इंजिनावरच चालतो. उभ्या गाडीत झोपायला जागा न देता फक्त एसी दिला, तर इंजिन चालू ठेवून झोपायची सवय आपण आणखी वाढवत आहोत. महापालिकेकडे आपली मागणी साधी हवी: महामार्गालगत उजेड असलेली जागा, पंखे, संडास, पाणी. एसीची गरज नाही.

आणि महापालिका देईपर्यंत? मिरा रोड, काशीमिऱ्याच्या कितीतरी मशिदींना इशानंतर कुलूप लागतं ते फजरच्या अजानीपर्यंत. आत मोठे हॉल, पंखे, वजूचं पाणी, खिडक्यांना जाळ्या. रमजानात आपण तिथे इफ्तारीला शेकडो माणसं बसवतो. तळमजल्यावरचा एक हॉल रात्रभर उघडा ठेवायचा, एक चटई, एक रखवालदार, आणि दारावर मराठी-हिंदीत पाटी: 'ड्रायव्हर भावांसाठी झोपण्याची जागा, कुणीही यावे.' मुसाफिराला आसरा देणं आपल्याला नवं शिकायचं नाही. एका मशिदीच्या कमिटीपुढे मी हे मांडलं आहे. सुरक्षेचा, वीजबिलाचा प्रश्न त्यांनी विचारला, तो रास्त आहे. बिलाचा वाटा गॅरेजवाले उचलू, असं आम्ही चौघांनी सांगितलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.

त्या टॅक्सीवाल्याचा सायलेन्सर मी बदलला, डिकीच्या भोकांत बूच ठोकले, रबर नवं लावलं. जाताना त्याने विचारलं, "आता झोपायला हरकत नाही ना, चाचा?" मी चावीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "हिच्याशिवाय."